ओला कातळ लुकलुकतोय, आणि त्यावर उपाय केला तर दिव्यांचं तेज गेलं (ब्लूम)

काळाकातळ · शुक्रवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून दीड वर्षापासून एक छोटा गेम करतोय. इंजिन स्वतःचंच आहे (हौस, दुसरं काय), ओपनजीएल, फॉरवर्ड रेंडरिंग, ४x एमएसएए. प्रसंग असा: पावसाळी रात्र, घाटातला ओला कातळ, वळणावर सोडियमचा एक दिवा, आणि समोरच्या टेकडीवर देवळाची पेटवलेली दीपमाळ.

ब्लूमची साखळी नेहमीचीच. एचडीआर बफरमधून १.० च्या वरचं उचलायचं, सहा वेळा अर्धं करत जायचं, मग ब्लर करत वर आणून मूळ चित्रात मिळवायचं आणि शेवटी टोनमॅपिंग.

कॅमेरा स्थिर असला की सगळं सुंदर दिसतं. चालायला लागलं की कातळावर जागोजागी काजवे चमकतात. काजवे म्हणजे ठिपके नव्हेत, हाताच्या पंजाएवढे धुरकट गोळे, एका फ्रेमला आहेत, पुढच्या फ्रेमला गायब. ब्लूम बंद केला तर कातळ अगदी सभ्य दिसतो.

दोन रात्री वाचून पहिल्या डाउनसॅम्पलमध्ये करिस वजन घातलं. काजवे गेले! पण सोडियमच्या दिव्याचं वलय पण गेलं. दिवा आता ट्यूबलाइटच्या स्टार्टरसारखा मिणमिणतोय. तीव्रता वाढवली तर सगळ्या चित्रावर दुधाची साय येते.

वलय नैसर्गिक दिसावं एवढीच इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

सोलापुरी_चादर · शनिवार, सकाळी ८:१५

काजव्यांसाठी सॅम्पल वाढव की. मी १२८ वर होतो, ५१२ केले, डीनॉइझर लावला, काम फत्ते. शिवाय `Clamp Indirect` १० वर असतं ते ३ वर आण.

---

निशाचर · शनिवार, सकाळी ९:०२

@सोलापुरी_चादर, तुम्ही ब्लेंडरच्या सायकल्सबद्दल बोलताय. ते काजवे पाथ ट्रेसिंगचे, यांचे गेममधले. नाव एकच, आजार वेगळा. इथे फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, ५१२ सॅम्पल कुठून आणायचे?

@काळाकातळ, दोन गोष्टी हव्यात. एक, रेंडरडॉकमध्ये फ्रेम पकडा आणि ब्लूमच्या आधीच्या एचडीआर बफरमध्ये ज्या जागी काजवा आहे त्या पिक्सेलची किंमत वाचा. दोन, डाउनसॅम्पलचा शेडर इथे चिकटवा. वलय गेलं म्हणजे करिसचा दोष असेलच असं नाही.

---

सोलापुरी_चादर · शनिवार, सकाळी ९:१०

अच्छा, गेम होय. मग माझं बोलणं रद्द समजा. चहा घेऊन वाचतो.

---

बाराबंदी · शनिवार, सकाळी १०:३०

एवढं डोकं कशाला फोडायचं? ब्लूमच्या तोंडाशी एक ओळ लिहा:

```glsl
c = min(c, vec3(10.0));
```

आमच्या मोबाइल गेममध्ये तीन वर्षं हेच चाललंय. यूआरपीच्या ब्लूममध्ये `Clamp` नावाचा आकडा त्यासाठीच दिलाय, फक्त तो मुळात ६५४७२ असतो, म्हणजे असून नसल्यासारखा. तो खाली आणायचा.

---

काळाकातळ · शनिवार, दुपारी १:२०

@निशाचर, पाहिलं. धक्काच बसला. कातळावरचा एकच पिक्सेल १०४०, शेजारचे ०.४, ०.५, ०.६. पुढच्या फ्रेमला तोच पिक्सेल ०.५. पडद्यावर बघताना तो नुसता पांढरा ठिपका वाटतो, कळतही नाही.

शेडरमधला करिसचा भाग हा. तेरा सॅम्पलचे पाच गट केलेत, प्रत्येक गटाची सरासरी `g` मध्ये येते आणि मग:

```glsl
g *= 1.0 / (1.0 + luma(g));
```

@बाराबंदी, तुमची ओळ पण लावून बघितली. काजवे बरेच मंदावले, पण सोडियमचा दिवा नारिंगी होता तो पिवळट पांढरा झाला. का ते कळलं नाही.

---

निशाचर · शनिवार, दुपारी ३:४८

सापडलं. तुमच्या ओळीत वजनाने गुणलंय, पण वजनांच्या बेरजेने भागलेलंच नाही. ही सरासरी नाही, हे टोनमॅपिंग झालं.

दिव्याचंच उदाहरण घ्या. समजा दिवा मोठा आहे, गटातले चारही नमुने ५० आहेत. सरासरी ५०, वजन १/५१, गुणाकार ०.९८. दिवा ५०० चा असता तरी ०.९९८ च आला असता. म्हणजे तुमच्या ब्लूममध्ये १ च्या वर काही शिरतच नाही. दिवा मिणमिणला तो त्यामुळे. आणि तीव्रता वाढवली की दिव्याबरोबर १.० च्या जरासा वरचा ओला कातळही वर येतो, कारण दोघांत आता दुपटीचाच फरक उरलाय. तुमची साय ती हीच.

वजन गटाच्या सरासरीला नाही, गटातल्या एकेका नमुन्याला लावायचं, आणि शेवटी भागायचं:

```glsl
float w(vec3 c) {
    return 1.0 / (1.0 + dot(c, vec3(0.2126, 0.7152, 0.0722)));
}
vec3 grp(vec3 a, vec3 b, vec3 c, vec3 d) {
    float wa = w(a), wb = w(b), wc = w(c), wd = w(d);
    return (a*wa + b*wb + c*wc + d*wd) / (wa + wb + wc + wd);
}
```

आता चारही ५० असतील तर उत्तर ५० च येतं. आणि काजवा? एक नमुना १०००, तीन ०.५ धरा. साधी सरासरी २५०. या पद्धतीने हजाराचं वजन ०.००१ आणि बाकीच्यांचं प्रत्येकी ०.६६७, उत्तर १.० च्या आसपास. २५० च्या जागी १. एकट्या पिक्सेलचा आवाज बंद होतो, पण चौघे मिळून बोलले तर ऐकलं जातं.

पाच गटांचं वजन नेहमीचंच ठेवा, मधला ०.५ आणि कोपऱ्यांचे चार प्रत्येकी ०.१२५. आणि हे सगळं फक्त पहिल्या पायरीला, पूर्ण आकारातून अर्ध्यावर येताना. होर्हे हिमेनेझ यांनी २०१४ च्या सिग्राफमध्ये कॉल ऑफ ड्यूटी: ॲडव्हान्स्ड वॉरफेअरची साखळी मांडली, त्यातही ते पहिल्याच पायरीला आहे. खालच्या पायऱ्यांवर लावलंत तर खरं तेजही खाल्लं जातं.

---

निशाचर · शनिवार, दुपारी ४:०५

पिवळेपणाचं राहिलं. सोडियमचा दिवा तुमच्याकडे साधारण (६०, ३०, ६) असेल. `min` प्रत्येक रंगाला वेगवेगळा लागतो, त्यामुळे तो (१०, १०, ६) होतो. लाल आणि हिरवा समान झाले की नारिंगी संपला. मर्यादा घालायचीच असेल तर उजळपणा मोजा आणि तिन्ही रंगांना एकाच आकड्याने खाली आणा.

---

बाराबंदी · शनिवार, दुपारी ४:३०

आमच्या गेममध्ये सगळे दिवे पांढरेच आहेत म्हणून कधी लक्षात आलं नसेल. :) पण मोबाइलवर तेरा सॅम्पल परवडत नाहीत हे ध्यानात असू द्या. ते चार वेळा वाचून करतात ते साधं बॉक्स फिल्टरवालं आम्हाला बरं पडतं.

---

निशाचर · शनिवार, दुपारी ४:४१

मान्य. वजन चार सॅम्पललाही लावता येतं, गट एकच होतो. फक्त तो एकटा गट पिक्सेलच्या जाळीला चिकटून बसतो. म्हणून दोन पिक्सेलचा ठिपका जाळीत बरोबर बसला की एक उत्तर आणि अर्धा सरकला की दुसरं. एकावर एक चढलेले पाच गट ही सरकण्याची थरथर बरीच गिळतात. हिमेनेझच्या तेरा सॅम्पलमागे तेच कारण आहे.

---

जुनाकॅमेरा · शनिवार, सायंकाळी ६:१५

मी ग्राफिक्सवाला नाही, जाहिरातींच्या शूटिंगला कॅमेरा सांभाळतो. पण 'नैसर्गिक' हा शब्द मनात घोळत राहिला म्हणून लिहितो.

काचेतून प्रकाश जातो तेव्हा काच उंबरठा बघत नाही. उजेड कमी असो की जास्त, प्रत्येक बिंदूचा थोडासा अंश आजूबाजूला पसरतोच. दिव्याभोवती वलय दिसतं ते दिवा हजारपट उजळ असल्याने त्याचा थोडासा अंशही नजरेत भरतो म्हणून. ठरावीक उजेडाच्या वर गेला की पसरला आणि खाली असला की नाही, असं कुठल्याच लेन्समध्ये होत नाही. तुम्ही ते '१.० च्या वरचं उचलायचं' म्हणालात ते मला खटकलं.

---

अंजिरी · शनिवार, रात्री ८:०२

+१ कॅमेरा काका. उंबरठा हाच लुकलुकण्याचा दुसरा बाप. ओल्या कातळाची कड ०.९८ आणि १.०३ च्या मधे हेलकावे खात असेल, तर एका फ्रेमला ती ब्लूममध्ये आहे, दुसऱ्याला नाही. इथे हजाराचा पिक्सेलही लागत नाही.

मी थ्रेशोल्ड काढून टाकला. बेरीजही करत नाही. शेवटी एवढंच:

```glsl
color = mix(color, bloom, 0.04);
```

बेरीज केली की चित्रात नवा उजेड येतो, `mix` मध्ये मात्र आहे तोच उजेड थोडा पसरतो. पण अपसॅम्पल करताना सहा पातळ्यांची बेरीज करत असाल तर आधी तिला भागाकाराने जागेवर आणा, नाहीतर ०.०४ चे आपोआप ०.२४ होतात. मी इथे फसले होते.

---

बाराबंदी · शनिवार, रात्री ८:२०

कार्टूनसारखी शैली असेल तर थ्रेशोल्ड लागतोच. आमच्याकडे आर्ट डायरेक्टरला फक्त जादूच्या कांडीला वलय हवं असतं, भिंतीला नको. तिथे लेन्सचं शास्त्र सांगून बघा, नोकरी जाईल.

---

अंजिरी · शनिवार, रात्री ८:२६

मग कांडीचा उजेड १ वरून ३० वर न्या की. `mix` मध्येही फक्त तीच चमकेल. भिंतीचा ०.५ चार टक्क्यांनी पसरला तर कोणाला दिसणार?

---

बाराबंदी · शनिवार, रात्री ८:३१

दिसतं. काळ्या अक्षरांची पाटी भुरकट होते. आपलं यावर एकमत होणार नाही, सोडा.

---

काळाकातळ · रविवार, सकाळी ११:१०

सगळ्यांचे आभार. भागाकार घातला, थ्रेशोल्ड काढला, `mix` ०.०५ वर ठेवला. दिवा परत आला! नारिंगी, जाडजूड वलय, पावसाच्या रेघाही त्यात उजळतात. बायकोला दाखवलं, ती म्हणाली "आधी पण असंच होतं ना?" असो.

आता दोन दुखणी उरलीत.

१. काजवे नव्वद टक्के गेले. पण अजून क्वचित एखादा उमटतो.

२. दीपमाळ. लांबून एकेक ज्योत एक-दीड पिक्सेलची आहे. पूर्वी प्रत्येकीला छान वलय होतं, आता नुसते ठिपके. पूर्ण पेटलेली दीपमाळ आणि तेज नाही, देवळाचं कसं होणार?

---

निशाचर · रविवार, दुपारी १२:५५

दुसऱ्यापासून सुरू करते, कारण ते गणितातच आहे. ज्योत ४०, मागे रात्रीचं आकाश ०.०२. साध्या सरासरीने १० आले असते. करिसने ज्योतीचं वजन ०.०२४, आकाशाच्या तिघांचं प्रत्येकी ०.९८, उत्तर ०.३५. म्हणजे जवळपास तीसपट घट. करिसला तुमची ज्योत आणि कातळावरचा काजवा यांत फरक कळत नाही, दोन्ही त्याच्या दृष्टीने अंधारातला एकटा उजळ पिक्सेल. शेजार जितका काळा तितकी त्याची चपराक मोठी.

म्हणून ज्योती त्या वाटेने पाठवूच नका. पहिला डाउनसॅम्पल झाल्यावर, अर्ध्या आकाराच्या पातळीवर ज्योतींचे छोटे स्प्राइट थेट बेरजेने काढा. करिस मागे पडलेलं असतं, पुढची साखळी त्यांना नेहमीसारखी पसरवते. पूर्ण आकारात एक पिक्सेल ४० असेल तर अर्ध्या आकारात एका पिक्सेलला १० द्यायचे, म्हणजे एकूण उजेड तेवढाच राहतो. आणि स्प्राइट कधीच दोन-तीन पिक्सेलपेक्षा लहान होऊ देऊ नका. ज्योत खरी ०.६ पिक्सेलची असून ३ पिक्सेलची काढली, तर उजळपणाला ०.६/३ चा वर्ग, म्हणजे ०.०४ ने गुणा. मग ती पिक्सेलच्या फटीत हरवणार नाही आणि उगाच जास्त उजळणारही नाही.

मूळ चित्रात ज्योत दिसायची ती दिसू द्या, पण ब्लूमच्या वाटेला तिची दोनदा मोजणी होऊ नये. करिसमधून ०.३५ येतातच, ते मी सोडून देते. डोळ्याला कळत नाही.

---

निशाचर · रविवार, दुपारी १:३०

आता पहिलं दुखणं. इथे ब्लूम हा चोर नाही, चोराला पकडून देणारा आहे. १०४० चा पिक्सेल आधीपासून होताच. टोनमॅपिंग ५ लाही पांढरं दाखवतं आणि १०४० लाही, म्हणून ब्लूम बंद असताना तो सभ्य वाटला. साखळीत तो लपत नाही. तिसऱ्या पातळीवर एक पिक्सेल मूळच्या ८x८ चा, म्हणजे हजाराचे तिथे साडेपंधरा उरतात, आणि सहाव्या पातळीवर ६४x६४ च्या जागेत पाव. तुमचे पंजाएवढे गोळे ते हेच.

हजार आले कुठून? ओल्या कातळाचा रफनेस किती ठेवलाय? ०.१ असेल तर वर्ग केल्यावर अल्फा ०.०१, आणि जीजीएक्सचं शिखर १/(π·अल्फा²), म्हणजे ३१८३. रफनेस ०.३ असता तर तेच शिखर ३९ आलं असतं. इतकं अणकुचीदार शिखर आणि त्यावर खडबडीत नॉर्मल मॅप. लांबून एका पिक्सेलमध्ये कातळाचे शंभर उंचवटे असतात, पण शेडर त्यातली एकच दिशा घेतो. ती नेमकी दिव्याकडे असली की हजार, नसली की ०.५.

एमएसएए इथे कामाला येत नाही. तो त्रिकोणाच्या कडा सांभाळतो, त्रिकोणाच्या आत शेडर एकदाच चालतो.

खरा उपाय म्हणजे लांबच्या मिपमध्ये रफनेस वाढवणं. उंचवटे सपाट झाले की त्यांचा खडबडीतपणा रफनेसमध्ये जमा करायचा. टोक्सविगची जुनी युक्ती आहे: नॉर्मलची सरासरी काढली की तिची लांबी १ पेक्षा कमी भरते, जितकी कमी तितका खडबडीतपणा जास्त. पण बीसी५ मध्ये फक्त दोनच घटक साठवून तिसरा शेडरमध्ये काढत असाल तर लांबी नेहमी १ च येते आणि युक्ती गप्प बसते. म्हणून हे मिप आधीच, मूळ न दाबलेल्या नॉर्मलवरून तयार करून रफनेसच्या टेक्स्चरमध्ये भाजून ठेवा.

---

काळाकातळ · रविवार, दुपारी २:१८

रफनेस ०.०८. :( आणि हो, बीसी५.

---

पायवाट · रविवार, सायंकाळी ५:००

धागा हायजॅक करत नाही, पण माझ्याकडे याच्या उलट होतं. काजवे नाहीत, मोठे काळे चौकोन येतात आणि मधूनमधून सगळा पडदाच काळा. करिस लावून पण गेले नाहीत. ड्रायव्हरचा बग असेल का?

---

अंजिरी · रविवार, सायंकाळी ५:२२

ड्रायव्हर नाही, बहुतेक `NaN`. एक पिक्सेल `NaN` झाला की सरासरीत जो भेटेल त्याला तो स्वतःसारखा करतो, म्हणून शेवटच्या पातळीपर्यंत चौकोन मोठा होत जातो. करिस त्याला वजन तरी काय देणार, ते वजनही `NaN`. `isnan` खरं असेल तिथे लाल रंग टाका आणि कुठला मटेरियल लाल होतो ते बघा. माझ्या वेळी शून्य लांबीचा व्हेक्टर `normalize` केला होता.

---

पायवाट · रविवार, सायंकाळी ६:४०

लाल झालं!! गवताची पाती. नॉर्मल शून्य होते एक्सपोर्टमध्ये. ताई, तुम्हाला एक हापूसची पेटी लागू.

---

जुनाकॅमेरा · रविवार, रात्री ९:०५

एक शंका. पाण्यावरचा, ओल्या दगडावरचा उजेड खऱ्यातही चमचमतोच की. सगळं दाबून टाकलंत तर कातळ ओला दिसेल का? कोरड्या दगडावर तेल चोपडल्यासारखं व्हायचं.

---

निशाचर · रविवार, रात्री ९:३३

रास्त शंका आहे, आणि याचं पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. रफनेस मिपमध्ये वाढवला की चमचम जाऊन रुंद, शांत उजेडाची पट्टी येते. लांबून ते बरोबर आहे, कारण डोळाही तिथे शंभर उंचवट्यांची सरासरीच बघतो. मधल्या अंतरावर, चार-पाच मीटरवर, ते जरा मेणचट दिसतं. मी तिथे रफनेस किती वाढू द्यायचा यावर मर्यादा घालते आणि उरलेली चमचम करिसवर सोपवते. मर्यादा प्रत्येक मटेरियलला वेगळी, डोळ्याने ठरवलेली. यामागे शास्त्र नाही, अंदाज आहे.

---

काळाकातळ · बुधवार, रात्री १२:५०

अहवाल. रफनेसचे मिप भाजले. तोच रस्ता, तोच कॅमेरा, फक्त ब्लूम बफर पडद्यावर ठेवून चाललो. कातळावरचा सगळ्यात उजळ पिक्सेल आता ६० च्या आसपास. एकही गोळा दिसला नाही. निशाचर म्हणतात तो मेणचटपणा पायाजवळ आहे, मर्यादा ठरवतोय.

ज्योती अर्ध्या पातळीवर काढल्या. दीपमाळ पेटली, काय सांगू! पण नवीन भानगड: देवळासमोर पिंपळ आहे. ज्योती पानाआड लपतात का हे अर्ध्या आकाराच्या डेप्थवरून बघतोय, आणि पानं हलली की वलयं फट्कन जातात नि येतात. चार डेप्थ पिक्सेलमधला सर्वांत जवळचा घेतला तर ज्योती गायबच, सर्वांत लांबचा घेतला तर पानातून आरपार.

---

बाराबंदी · बुधवार, रात्री १:०५

पिंपळ तोडा.

---

निशाचर · गुरुवार, सकाळी ७:४०

तोडू नका. होय किंवा नाही असं विचारण्याऐवजी पूर्ण आकाराच्या डेप्थमध्ये ज्योतीभोवती आठ-दहा ठिकाणी बघा, त्यातल्या किती उघड्या आहेत त्या प्रमाणात उजळपणा द्या. हे व्हर्टेक्स शेडरमध्ये ज्योतीमागे एकदाच होतं, महाग नाही. मात्र तुमचा डेप्थ एमएसएएचा आहे, तो आधी रिझॉल्व्ह करताय की एकच सॅम्पल वाचताय?

---

काळाकातळ · गुरुवार, सकाळी ९:१५

एकच. लोकलमध्ये आहे, रात्री बघतो.